आज चंद्रकांत काय झालाय?

नरहरी उदगीरकरांच्या पूर्ण मालकीची अशी जगात एकच गोष्ट होती, ती म्हणजे त्यांचं नाव. भूगावातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट होता, पण त्यावर अजून बँकेचा डोळा होता. नाव मात्र आजोबांकडून थेट आलेलं. आजोबा अंबाजोगाईला कीर्तन करायचे आणि त्यांच्या नावाला लोक वाकून नमस्कार करायचे. शाळेत मास्तरांनी नातवाला ढ म्हटलं, मुलांनी ठोंब्या म्हटलं, बथ्थड म्हटलं, बैलोबा म्हटलं. पण 'नरहरी'ला कुणी हात लावला नाही. साधं 'नऱ्या'सुद्धा कुणी केलं नाही. म्हणूनच फ्लॅटचा ताबा मिळाल्यावर त्यांनी पंखा बसवायच्या आधी दारावर पितळी पाटी बसवली. दर रविवारी ते स्वतः ती चिंचेने घासायचे, आणि त्या कामात बायकोला, सुलक्षणाबाईंनाही, हात लावू द्यायचे नाहीत.

अशा माणसाने सोसायटीचं सेक्रेटरीपद घ्यायला नको होतं. त्यांनी ते घेतलंही नव्हतं. पहिल्या सभेत ते पाणी प्यायला म्हणून पाच मिनिटं बाहेर गेले आणि परत आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या. सभ्य माणसासारखं त्यांनीही टाळ्या वाजवल्या. कुणाचं अभिनंदन चाललंय हे शेजारच्याला विचारल्यावर त्यांना कळलं.

आता पाण्याचं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं पाण्यापायीच घडलं. 'गिरिजा पार्क' ज्या जमिनीवर उभं होतं ती मूळची गावातल्या चंद्रकांतरावांची. बिल्डरने जमीन घेतली, तीन इमारती उभ्या केल्या, माहितीपत्रकावर 'चोवीस तास पाणी' छापलं आणि तो पुढच्या प्लॉटकडे निघून गेला. विहीर तेवढी चंद्रकांतरावांकडे राहिली, मोटारही त्यांची आणि मोटारीचं बटणही त्यांच्याच हाताखाली. रोज संध्याकाळी ते बटण दाबायचे, मग टाकी भरायची आणि गिरिजा पार्कात आंघोळी, कपडे, भांडी असं सुसंस्कृत जीवन चालायचं. हे काम ते कुणाची नोकरी म्हणून करत नव्हते. बिल्डरला शब्द दिला होता म्हणून ते बटण दाबत होते, आणि ही गोष्ट ते वरचेवर सांगत.

अडचण एवढीच होती की चंद्रकांतराव घेत असत. रोज नाही, पण कधी ते आधी कळत नसे. थोडी घेतली असली तर पाणी अर्धा तास उशिरा यायचं. बरी घेतली असली तर रात्री जेवणं झाल्यावर. आणि पोटभर घेतली असली तर ते मोटारीच्या खोलीबाहेरच्या बाजेवर निवांत झोपायचे आणि पाणी दुसऱ्या दिवशी. त्यामुळे आज चंद्रकांतराव नेमके कुठल्या पायरीवर आहेत ही गोष्ट तीन इमारतींतल्या प्रत्येक बाईला कुकर लावायच्या आधी समजणं आवश्यक होतं. ज्याच्या गॅलरीतून मोटारीची खोली दिसते त्याने ओरडून सांगायचं अशी पद्धत पडली होती. "आज हलका आहे" म्हणजे एक बादली भरून ठेवा. "टाइट आहे" म्हणजे पिंपं भरा. "तर्र" म्हटलं की पाहुण्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगायचं. हवामान खात्यापेक्षा ही व्यवस्था विश्वासाची होती. लोकांना वाटतं दारू प्यायलेल्या माणसासाठी इतके शब्द कशाला, एक पुरे. अशा लोकांच्या टाकीत पाणी असतं.

दोन हजार तीन सालच्या उन्हाळ्यात ही व्यवस्था कोसळली.

एके संध्याकाळी नरहरी ऑफिसातून येऊन शर्ट काढतात तोच चंद्रकांतराव दारात हजर. पांढरा शर्ट, केसांना तेल, आणि पूर्ण शुद्धीवर. नरहरींनी त्यांना इतकं शुद्धीवर कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते जरा घाबरलेच.

"सायेब, माजी दिशा तुमच्या सोसायटीतल्या पोरींसंगं शाळंला जाती," चंद्रकांतराव म्हणाले. "काल तुमची ती बी बिल्डिंगची बाई गॅलरीतनं वरडली, चंद्रकांत टाइट हाय म्हनून. साऱ्या पोरी हसल्या. माजी पोरगी घरी यून रडली. म्या पितो ते मला ठावं हाय. गावाला ठावं हाय. पन ते असं वरडून सांगायचं?"

नरहरींनी खुर्ची पुढे केली. स्वतःला वर्गात बैलोबा म्हटल्यावर मागच्या बाकापासून पुढपर्यंत उठलेलं हसू त्यांना अजून आठवत होतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"आता बोला," चंद्रकांतराव म्हणाले, "त्यो शबुद पुन्यांदा ऐकला तर बटान बंद."

"पुन्हा ऐकू येणार नाही," नरहरी म्हणाले. "माझा शब्द."

इथवर ठीक होतं. दुसरा कुणी असता तर बी बिल्डिंगमधल्या बाईंना जाऊन दोन शब्द समजुतीचे सांगून आला असता. पण नरहरी सरकारी विमा कंपनीत अठ्ठावीस वर्षं नोकरी केलेले गृहस्थ होते. जे कागदावर आलं नाही ते घडलं नाही अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी तातडीची सर्वसाधारण सभा बोलावली आणि ठराव केला: 'सोसायटीच्या आवारात चंद्रकांतराव यांच्यासंबंधी टाइट या शब्दाचा वापर करण्यास मनाई करण्यात येत आहे.' सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.

"आणि मग सांगायचं कसं?" सुलक्षणाबाईंनी घरी आल्यावर विचारलं. त्या कोथरूडच्या एका शाळेत शिकवत आणि नवऱ्याला प्रश्न विचारताना त्यांचा आवाज वर्गातलाच असे.

"काय सांगायचं?"

"तो टाइट आहे हे."

"ते सांगायचंच नाही!"

 नवऱ्याच्या बुद्धीबद्दल सुलक्षणाबाईंकडे बरेच शब्द होते. लाडात असल्या तर 'भोळे', घाईत असल्या तर 'अहो, कसं हो तुम्ही', माहेरच्यांसमोर 'सरळमार्गी', आणि फार चिडल्या तर 'शहाणेच आहात'. आज त्या म्हणाल्या, "शहाणेच आहात."

दुसऱ्या दिवशी बी बिल्डिंगच्या गॅलरीतून आवाज आला, "आज टुन्न!" ठरावाचा कुठेही भंग झाला नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'टल्ली'. मग 'फुल्ल'. मग विमानतळावरची उद्घोषणा असावी अशा आवाजात 'विमान सुटलं'. चंद्रकांतरावांना यातला प्रत्येक शब्द नरहरींच्या आधीपासून माहीत होता. त्यांनी बटण बंद केलं.

दोन दिवस गिरिजा पार्कात टँकर आला. तिसऱ्या दिवशी नरहरींनी पुन्हा सभा बोलावली. या वेळी एकही शब्द सुटू नये म्हणून सगळे शब्द ठरावात घालायचे असं त्यांनी ठरवलं. आयुष्यात त्यांच्याकडून झालेल्या चुकांमध्ये ही सर्वांत टापटीप चूक होती.

"ज्याला जो शब्द माहीत असेल त्याने तो सांगावा," पेन सरसावून ते म्हणाले.

क्षणभर शांतता झाली. सोसायटीच्या सभेत क्षणभर शांतता होणं हेच धोक्याचं असतं. मग ए बिल्डिंगमधल्या सारजाबाई, वय पंचाहत्तर, हातात जपमाळ, हळूच म्हणाल्या, "झिंगलेला."

"छान," नरहरी लिहीत म्हणाले.

"नवटाक मारलेला," मागून कुणीतरी.

"पावशेर!"

"लोड!"

"चार्ज!" हे तिसऱ्या मजल्यावरची उत्कर्षा. ती हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती, मूळची सांगलीची.

"आमच्या नागपूरले 'टाकून आला' म्हणतात ना काका," मनीष म्हणाला. तो उत्कर्षाच्याच कंपनीतला. "टाकून येणं वेगळं अन् लावून येणं वेगळं. लावून येणारा निदान चालत येते."

"आमच्याकडे तीर्थ घेतलं म्हणतात," सारजाबाई पुन्हा. जपमाळ आता मांडीवर पडली होती. "आमचे हे म्हणायचे, औषध घेतलं."

सभेला अशी गर्दी आणि असं चैतन्य पूर्वी कधी आलं नव्हतं. गेलं वर्षभर एकमेकांशी न बोललेली माणसं आता एकमेकांना शब्द सुचवत होती. कुणी नवा शब्द टाकला की हशा व्हायचा आणि दुसरा लगेच त्याच्या वरचढ टाकायचा. एक आजोबा 'तर्र'वरून 'तर्राट'वर आणि तिथून आपल्या लष्करातल्या नोकरीवर गेले. नरहरी घाम पुसत लिहीत होते. शब्द संपावेत म्हणून बोलावलेल्या सभेत शब्द तयार होत होते. अर्धे तर तिथल्या तिथे बनवलेले होते हे त्यांना कळत होतं, पण कुठले अर्धे ते कळत नव्हतं.

"आणि बुद्धीवरून बोलायचे शब्दही घाला," बी बिल्डिंगच्या बाई म्हणाल्या. "चंद्रकांतला परवा कुणीतरी येडा म्हणालं. मी नव्हे."

मग ते धरणही फुटलं. येडचाप, येडपट, खुळा, खुळचट, मद्दड, बावळट, अर्धवट, बिनडोक, चक्रम, सर्किट, डोक्यात बटाटे, वरचा मजला रिकामा. हे शब्द सांगताना बरीचशी मंडळी नरहरींकडे पाहत होती, पण ते लिहिण्यात गढल्यामुळे त्यांच्या ते लक्षात आलं नाही. पान भरलं, मागची बाजूही भरली, आणि ठराव सर्वानुमते मंजूर झाला. घरी जाताना लोक म्हणत होते, अशा सभा व्हायला पाहिजेत.

चंद्रकांतरावांना ठराव वाचून दाखवण्यात आला. त्यांनी डोळे मिटून ऐकला, मधे दोनदा "ह्यो बी इसरू नका" म्हणून भर घातली आणि बटण दाबलं. नरहरी त्या रात्री समाधानाने झोपले.

आठवडाभराने ऑफिसातून येताना फाटकाशी उत्कर्षा भेटली. "काका, आज तो पार वॉशिंग मशीन झालाय," ती म्हणाली आणि लगबगीने जिन्याकडे गेली.

नरहरींना वाटलं हिचं वॉशिंग मशीन बिघडलं. "दुरुस्तीवाल्याचा नंबर देऊ का?" ते मागून ओरडले. ती हसत हसत वर गेली. नरहरी निर्धास्तपणे घरी आले, डोक्याला साबण लावला आणि नळ सोडला. नळाने फक्त उसासा टाकला. साबण डोळ्यांत गेलेल्या अवस्थेत टॉवेल गुंडाळून ते गॅलरीत आले, तर तीन इमारतींतल्या बाकी प्रत्येक घरात पिंपं भरलेली. त्यांच्याखेरीज सगळ्यांना सगळं कळलं होतं.

डोळे धुवायला मनीषच्या घरून तांब्याभर पाणी आणावं लागलं. तांब्या घेऊन आलेल्या मनीषला त्यांनी बसवून घेतलं. "वॉशिंग मशीनचा आणि दारूचा संबंध काय?" ते लाल डोळ्यांनी म्हणाले. "तो काय गरगर फिरत होता का?"

"संबंध नसतेच ना काका," मनीष म्हणाला. "तीच तर मजा हाये. 'पार' पुढं लावा, 'झालाय' मागं लावा, आवाज थोडा खाली घ्या, अन् माणूस चंद्रकांत असला की मधे काहीही टाका. पार सोफा झालाय. पार पंचायत समिती झालाय. ऐकणाऱ्याले समजतेच. आमच्या कंपनीत बाहेरचे लोक येतात ना, तिकडंही हेच चालते. इंग्रज लोक हातोडा मारलेला म्हणतात, गिलावा केलेला म्हणतात, घरातली कुठलीही वस्तू घेतात अन् तिचं शेपूट बदलतात. जर्मन माणूस निळा होते. फ्रेंच गोल होते. स्वीडनवाला तर आपल्यासारखाच फुल्ल होते, शब्दही फुलच."

"निळा?" नरहरी म्हणाले.

"हो. आता तुम्ही वॉशिंग मशीनवर बंदी आणा. उद्या मिक्सर येईन."

"पण गरज काय इतक्यांची? मिठाला रोजच्या बोलण्यात एक शब्द पुरतो. मीठ काय कमी महत्त्वाचं आहे?"

उत्तर स्वयंपाकघरातून आलं. "मिठाची कुणाला लाज वाटत नाही," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "मीठ कुणाच्या तोंडावर म्हटलं तर कुणाची पोरगी रडत नाही. ज्याचं नाव सरळ घ्यायला अवघड जातं त्याला आडून शब्द लागतो. आडून घेतलेला शब्द चार दिवसांत सगळ्यांना कळतो, की तोच सरळ होऊन बसतो. मग पुन्हा नवा. आमच्या शाळेत काही मुलांना पूर्वी वेडी म्हणायचे. ते वाईट दिसतं म्हणून मतिमंद म्हणा असं ठरलं. चांगला, शास्त्रीय, डॉक्टरी शब्द. वर्षभरात पोरं मैदानावर एकमेकांना 'ए मतिमंद' म्हणायला लागली. मग आम्ही 'विशेष मुलं' म्हणायला लागलो. काल सहावीतला एक दुसऱ्याला म्हणाला, 'विशेष आहेस का रे?' शब्द बदलून काय होणार? ज्याच्याबद्दल बोलायचं तो तोच, आणि मनातलं तेच."

"आणि नवा शब्द ज्याले माहीत तो आपला," मनीष म्हणाला. "ज्याले माहीत नाही तो बाहेरचा."

डोळ्यांत साबण कुणाच्या गेला होता ते तिघांनाही माहीत होतं.

शब्दांचा नाद सोडून नरहरींनी आता मुळावरच घाव घालायचं ठरवलं. पंचायतीकडून नळ मिळवायचा, म्हणजे चंद्रकांत नको आणि शब्दही नकोत. रजा काढून त्यांनी अर्ज नेला. ग्रामसेवकांनी तो शांतपणे वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'पाणी सोडणारे गृहस्थ दारूच्या नशेत असतात.'

"असं लिहिता येत नाही," ग्रामसेवक म्हणाले. "सरकारी भाषेत नाही ते. 'मद्यप्राशन केलेल्या अवस्थेत आढळून आले' असं लिहा."

नरहरींनी तसं लिहिलं.

"आढळून आले म्हणजे कुणाला? पंचनामा?"

"रोज संध्याकाळी सगळ्या सोसायटीला आढळतात!"

"वैद्यकीय दाखला लागेल. आणि त्यांचं म्हणणं घ्यावं लागेल. चंद्रकांतरावांचे चुलतभाऊ आपले सदस्य आहेत." ग्रामसेवक जरा पुढे वाकले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "मी काय म्हणतो, हे लिहायचं कशाला? आम्ही हितं ऑफिसात नुसतं म्हणतो, आज ते जरा सभापती आहेत."

नरहरी अर्ज घेऊन घरी आले. त्यांच्या लक्षात आलं की चंद्रकांतरावांच्या एकाच पिण्याला जो तो आपल्या अंतराप्रमाणे शब्द वापरत होता. त्यांची आई गोजराबाई म्हणायची, "माजा चंदू आज दमलाय." ते स्वतः म्हणायचे, "अंग मोडलं हुतं, घोटभर घेतली." सोसायटी टाइट म्हणायची आणि सरकार मद्यप्राशन. जितका माणूस जवळचा तितका शब्द मऊ. ही गोष्ट लक्षात आल्याचा त्यांना काहीच उपयोग झाला नाही, कारण टाकी रिकामीच होती.

आता एकच मार्ग उरला. कुणी ओरडायचं नाही, कुणी शब्द काढायचा नाही. सेक्रेटरीने रोज संध्याकाळी स्वतः जाऊन चंद्रकांतरावांना पाहून यायचं आणि येऊन नुसतं खुणेने सांगायचं. नरहरींनी ते व्रतासारखं सुरू केलं. चंद्रकांतराव शुद्धीवर असले की नरहरींना तिथे थांबायचं कारण नसे आणि ते लगेच परत यायचे. बाजेवर आडवे असले की नरहरी त्यांना उठवत, समजावत, हात धरून मोटारीपर्यंत नेत, आणि परत यायला दिवेलागण उलटून जायची. गॅलऱ्यांमधून बायका नुसतं बघायच्या, आणि नरहरी किती वेळ थांबतात त्यावरून पिंपं भरायचं ठरवायच्या. पाणी न आलेल्या दिवशीही नरहरींना समाधान एवढंच होतं की कुणी काही ओरडत नव्हतं.

एप्रिलातल्या एका रविवारी ते पाटी घासत होते. खाली भाजीवाल्याची गाडी उभी होती. सारजाबाई वरून म्हणाल्या, "आज काय रे बाबा, चंद्रकांतला पाहिलंस का वाटेत?"

"पाहिला की आजी," भाजीवाला म्हणाला. "पार नरहरी झालाय."

चिंच नरहरींच्या हातातून पडली. मग बी बिल्डिंगच्या गॅलरीतून आवाज आला, "नरहरी का? अगंबाई! पिंपं भरा!" पुढे उत्कर्षा कुणाला तरी फोनवर सांगत होती, "नाही गं, थोडाच नरहरी आहे. अर्ध्या तासात येईल." म्हणजे त्यातही पायऱ्या पाडल्या गेल्या होत्या. आणि जिन्यात दोन पोरं भांडत होती, त्यातलं एक दुसऱ्याला म्हणालं, "असा काय नरहरीपणा करतो?" इथे तर दारूचा काही संबंधच नव्हता. दारूचा आणि मूर्खपणाचा असे दोन्ही हिशेब लोकांनी एकाच नावावर टाकले होते.

नरहरींना आजोबा आठवले. अंबाजोगाईचं देऊळ आठवलं, त्या नावापुढे वाकणारी माणसं आठवली. आणि त्यांना असा संताप आला की पाटी तशीच हिरवी-काळी ठेवून ते चपला घालून निघाले.

"कुठे?" सुलक्षणाबाई.

"सभा बोलावतो. बंदी!"

"कशावर? स्वतःच्या नावावर? आणि ठरावावर सही कोण करणार?"

नरहरी दारात थांबले. मग सभेऐवजी विहिरीकडे निघाले. निदान त्या माणसाला तरी कळू दे की त्याच्यापायी एका सज्जन माणसाची काय विटंबना झाली आहे. त्याचा शब्द काढला म्हणून त्याने तीन इमारतींचं पाणी तोडलं, मग नरहरींचा शब्द काढला म्हणून त्याने निदान सोसायटीवर चार शब्द फेकायला हरकत नव्हती.

चंद्रकांतराव बाजेवर बसलेले. डोळे तांबूस, पण आवाज ठीक. जवळच दिशा गणिताचं पुस्तक घेऊन बसली होती. नरहरींना पाहून ते गडबडीने उठले आणि त्यांनी नरहरींचे दोन्ही हात हातात घेतले.

"सायेब, लई उपकार झालं तुमचं."

"कसले उपकार?"

"आता कुनी काय बी म्हनत न्हाई मला. टाइट न्हाई, टल्ली न्हाई, ते मिशीन न्हाई. आता म्हनत्यात नरहरी. देवाचं नाव हाय. वर तुमच्यासारक्या चांगल्या मानसाचं. मला काय लाज? मीच सांगतो आता, आज म्या नरहरी हाय, पानी उद्या."

"पण..." नरहरी म्हणाले.

दिशाने पुस्तकातून मान वर केली. "काका, आता पोरी हसत न्हाईत," ती म्हणाली. "मी बी सांगती त्यांना, आमचे अण्णा आज नरहरी हायेत. परवा बाईंनी इचारलं घरून सही का आनली न्हाई, तर तेवढंच म्हनले. त्यांना वाटलं उपास हाय."

नरहरींनी दिशाकडे पाहिलं. मग चंद्रकांतरावांनी धरलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. येताना त्यांनी मनात पुष्कळ वाक्यं तयार केली होती. ती सगळी चांगली, खणखणीत वाक्यं होती आणि त्यातलं एकही त्यांना बोलता आलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "मग बटणाचं काय?"

"दाबतो की. आज म्या अर्दाच हाय."

परत येताना नरहरींनी स्वतःची समजूत घातली. सुलक्षणा म्हणाली होती, आडून घेतलेला शब्द चार दिवसांत झिजतो. वॉशिंग मशीन पंधरवडाभर टिकलं नाही, टुन्नचा तर आठवडाही झाला नव्हता. आपलं नावही झिजेल, कुणीतरी नवा शब्द काढेल आणि ते पुन्हा आपल्याला मिळेल. ते वाट पाहू लागले. गणपती झाले, पावसाळा संपला, दिवाळीचे आकाशकंदील उतरले. पण शब्द झिजेना. याचं कारण शेवटी सुलक्षणाबाईंनीच सांगितलं. शब्द टोचतो म्हणून बदलावा लागतो. हा चंद्रकांतला टोचत नाही, सोसायटीला टोचत नाही, पोरीलाही नाही. एकाच माणसाला टोचतो, आणि तो काही बोलत नाही.

"बोललो तर?" नरहरींनी विचारलं.

"तर बटण बंद. आणि लोकांना आणखी मजा."

 नरहरी पाटी मात्र घासत राहिले. जिन्यातून येणारी-जाणारी नवी माणसं ती वाचून थबकायची, एकदा बंद दाराकडे पाहायची आणि आवाज न करता पुढे जायची.

डिसेंबरात एका संध्याकाळी फोन वाजला. चंद्रकांतरावांनी प्लॉटच्या पैशातून मोबाइल घेतला होता आणि आता ते आपली त्या दिवसाची पायरी स्वतःच फोनवर कळवीत. सवयीने रिसीव्हर उचलून नरहरी म्हणाले, "हॅलो, नरहरी बोलतोय."

 पलीकडून जड, समाधानी आवाज आला.

"मी बी, सायेब."

नरहरींनी फोन ठेवला. गॅलरीचं दार उघडलं. तिन्ही इमारतींच्या गॅलऱ्यांमध्ये बायका हातात बादल्या घेऊन त्यांच्याकडे बघत उभ्या होत्या. आजोबांच्या कीर्तनात जसा शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचायचा तसा आवाज काढून त्यांनी स्वतःचं नाव जाहीर केलं, आणि आत येऊन पिंप भरायला घेतलं.